सकाळचा आकडा बघ

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी बीपीची यादी मिळाली. कंपनीच्या गेटवर हेल्मेट काढल्या काढल्या मशीन लावलंस, 152/96 आलं आणि तू घाबरलास. तो आकडा मी आधी खोडला. रिंग रोडवरून ट्रकच्या मागे धूर खात, हिंगणा टी-पॉइंटच्या गर्दीत हॉर्न ऐकत आलेल्या कुणाचंही बीपी चढलेलंच असणार. थोडं शांत बसलं की ते उतरतं.

मला काळजी आहे ती सकाळच्या रकान्याची. तू सांगितल्याप्रमाणे नीट मोजलंस: उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि खर्ऱ्याच्या आधी, पाठ टेकून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून, पाच मिनिटं गप्प बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा. रात्री झोपण्याआधीही तसंच, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढली तर सकाळी 142/91, रात्री 132/83. दोन्ही मिळून 137/87. दवाखान्यात 140/90 ची मर्यादा धरतात, घरच्या मोजणीत 135/85 ची. दवाखान्यात तुझं 128/82 आलं म्हणून "नॉर्मल आहे" म्हणून तुला परत पाठवलं. असं छुपं बीपी तरुणांमध्ये सहज निसटतं.

आता सकाळचं जास्त का? निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्के उतरतं. रक्तवाहिन्यांची विश्रांती तेवढीच. तुझा पलंग वर्धा रोडकडच्या खिडकीला लागून आहे आणि तू लिहितोस, "आता सवय झाली, ट्रक गेला तरी जाग येत नाही." जाग येत नाही हे खरं, पण शरीर ऐकत राहतं. 2008 साली युरोपातल्या चार विमानतळांजवळ राहणाऱ्या 140 जणांचं बीपी रात्रभर नोंदवलं गेलं. विमान गेलं की वरचा आकडा सरासरी सहा अंकांनी चढायचा. माणूस जागा झाला नाही तरी चढायचा. प्रत्येक आवाजाला शरीर सावध होतं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. असं वर्षानुवर्षं चाललं की त्या कडक होत जातात आणि चढलेलं बीपी उतरणं विसरतं.

त्याच खिडकीत तुझा कूलर आहे. नागपुरात उन्हाळ्यात त्याच्याशिवाय झोप नाही, हे मला सांगायला नको. पण तो रस्त्यावरची हवा आत ओढतो आणि वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून पीएम 2.5 सारखे बारीक कण सहज पार होतात. हे कण फुप्फुसात सूज आणतात आणि रक्तवाहिन्यांची सैल पडण्याची ताकद कमी करतात. म्हणजे आवाज आणि धूर दोन्ही एकाच खिडकीतून येतात. कूलरच्या घरघरीची मला फारशी चिंता नाही. ती एकसारखी असते. झोपेत दचकवतो तो अचानक वाजलेला हॉर्न.

म्हणून एक कर. पलंग आणि कूलर मागच्या खोलीत हलव. तीन आठवडे तिथे झोप, आणि शेवटच्या आठवड्यात त्याच मशीनने, त्याच पद्धतीने पुन्हा मोज. या काळात मीठ, खर्रा, झोपेची वेळ यातलं काही बदलू नकोस, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. (खर्रा नंतर सोडायचाच आहे. निकोटीननेही बीपी चढतं. त्यावर वेगळं बोलू.) सकाळचा आकडा पाच-सात अंकांनी उतरला, तर खिडकीचा वाटा असावा असं धरू. नाहीच उतरला, तर तू घोरतोस का, हे खोलीतल्या मित्राला विचार. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचंही सकाळी असंच दिसतं.

एवढ्यावर डॉक्टरकडे जाणं टाळू नकोस. रस्त्याच्या आवाजाने बीपीत पडणारा फरक सरासरीने लहानच असतो, आणि तुझ्या वडिलांना बीपी आहे. यादी दाखव, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी करून घे. चोवीस तासांचं मशीन लावायचं असेल तर त्यात रात्रीची सरासरी बघायला सांग. ती 120/70 च्या खाली हवी.

गाडीचं म्हणशील, तर छत्रपती चौकातून ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथून ॲक्वा लाइनने लोकमान्य नगर. गर्दीच्या वेळी उभं राहावं लागेल, पुढे ऑटोही लागेल, पण ट्रकच्या मागची हवा आणि कानाशी वाजणारे हॉर्न बरेच टळतील. ज्या दिवशी गाडीच न्यावी लागेल त्या दिवशी रुमाल नको, एन-95 लाव. दाढी वाढवली असशील तर तोही कडेने हवा सोडतो.

पुढची यादी पाठवताना पलंग कोणत्या तारखेला हलवला, तेही लिही.

तुझा,
डॉक्टरकाका