बाळाच्या जिभेवरचा पांढरा थर पुसून निघत नाही

*माझी मुलगी दीड महिन्याची आहे. चार-पाच दिवसांपासून तिच्या जिभेवर पांढरा थर दिसतोय. सासूबाई म्हणतात, दूध साठलंय, रोज पुसत जा. मी ओल्या फडक्याने पुसते, पण निघत नाही. काल जरा जोर लावला तर खालून लाल झालं आणि ठिपकाभर रक्त आलं. खालच्या ओठाच्या आतही तसेच डाग आहेत. दूध ओढताना मध्येच सोडून रडते. मागच्या पंधरवड्यात स्तनात गाठ होऊन ताप आला म्हणून मी सात दिवस अँटिबायोटिक घेतलं होतं. शेजारच्या काकू टाकणखार मधात कालवून लावायला सांगतात. लावू का?*
— काळजीत पडलेली आई, सांगली

ताई, टाकणखार आणि मध अजिबात लावू नका. पुसणंही आजपासून बंद करा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हे दूध वाटत नाही. ही तोंडातली बुरशी असावी, डॉक्टर तिला ओरल थ्रश म्हणतात. उद्या-परवात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरण्यासारखं नाही, या वयात हे बऱ्याच बाळांना होतं आणि औषधाने जातं.

सासूबाईंचा अंदाज मात्र उगाच नाही. निव्वळ दुधावर असलेल्या बाळांच्या जिभेवर पांढुरकी साय दिसतेच. पहिले दोन-तीन महिने लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध धुऊन जात नाही. पण दूध फक्त जिभेवर बसतं. त्याचा थर पातळ आणि सगळीकडे सारखा असतो. पाजल्यावर दाट दिसतो आणि पुढच्या पाजण्यापर्यंत विरळ होत जातो. बुरशीला जिभेची मर्यादा नसते. ती गालांच्या आत, हिरड्यांवर, टाळूला आणि ओठांच्या आतही उगवते, आणि तिचे डाग फुटलेल्या दह्याच्या कवड्यांसारखे तुटक, किंचित उंचवट्याचे असतात. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणूनच ‘ओठाच्या आत’ हा आहे. दूध तिथे चिकटून राहत नाही.

खात्री करायची तर एकदाच, नीट बघा. पाजून दीड-दोन तास झाले की, म्हणजे पुढच्या पाजण्याच्या जरा आधी, बाळाला खिडकीजवळ उजेडात घ्या. हात धुवा, नखं कापलेली हवीत. हनुवटी हलकेच खाली ओढून आधी खालचा ओठ उलटा करून बघा, मग दोन्ही गाल, आणि शेवटी जीभ. बहुतेक जण जिभेपाशीच थांबतात, आणि फसगत होते ती तिथेच. कुठे शंका आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं मऊ मलमल बोटाला गुंडाळून एकच हलका हात फिरवा. दूध असेल तर फडक्यावर येतं आणि खाली गुलाबी जीभ दिसते. एका हाताने निघालं नाही तर दुसरा फिरवू नका. हिरडीवर किंवा टाळूच्या मधोमध कडक, मोत्यासारखे सुटे पांढरे दाणे दिसले तर ते वेगळे. ते नवजात बाळांना असतात आणि आपोआप जातात.

काल रक्त का आलं, तेही सांगते. कॅन्डिडा नावाची ही बुरशी नुसती वर पसरलेली नसते. तिचे बारीक तंतू तोंडाच्या नाजूक आवरणाच्या वरच्या पेशींत शिरलेले असतात. जोराने पुसलं की तंतूंबरोबर ते आवरणही सोलून निघतं. मग बाळाला दूध ओढताना झोंबतं आणि ते स्तन सोडून रडतं.

ही बुरशी थोड्या प्रमाणात बहुतेकांच्या अंगावर आणि पोटात असतेच. तिथले जिवाणू तिला वाढू देत नाहीत. तुमच्या अँटिबायोटिकने गाठीचे जंतू मारले, तसे हे राखण करणारे जिवाणूही कमी केले. औषध घेणं चुकीचं नव्हतं, ते हवंच होतं. पण डॉक्टरांना ही गोष्ट आठवणीने सांगा, निदानाला तिची मदत होते.

उपचारात साधारणपणे क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध किंवा निस्टॅटिनचे थेंब देतात. निस्टॅटिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिट असं मिळतं आणि दिवसातून चार वेळा द्यायचं असतं. तुमच्या बाळासाठी किती, ते डॉक्टर ठरवतील. औषध पाजल्यानंतर द्या, आधी नाही, नाहीतर ते दुधाबरोबर पोटात जातं. निम्मं एका गालात, निम्मं दुसऱ्या गालात सोडा, स्वच्छ बोटाने किंवा कापसाच्या काडीने डागांवर फिरवा, आणि मग शक्य तितका वेळ दूध देऊ नका. मायकोनाझोलची जेल घरात असेल तर स्वतःच्या मनाने लावू नका. ती घट्ट असते, चार महिन्यांखालच्या बाळाच्या घशात अडकून श्वास कोंडू शकतो. घरात पडून असलेलं जांभळं औषध, जेंशन व्हायोलेट, तेही नको. ते जास्त तीव्र असेल तर तोंडात जखमा करतं.

औषध फसतं ते बहुतेक वेळा लवकर थांबवल्यामुळे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंड स्वच्छ दिसतं, बाटली कपाटात जाते आणि आठवड्यात डाग परत येतात. डाग गेल्यावरही निदान दोन दिवस, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, द्यायचंच.

दुसरं कारण तुमच्याकडे असू शकतं. स्तनाग्रं गुलाबी, चकचकीत झाली आहेत का, खाज येते का, पाजून झाल्यावरही आग होत राहते का, ते बघा. यातलं काही असेल तर तुम्हालाही त्याच वेळी मलम लागेल. एकटीवर उपचार केले तर बुरशी तोंडातून स्तनावर आणि स्तनावरून तोंडात फिरत राहते. मलम पाजल्यानंतर लावायचं आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी उरलेलं पुसून घ्यायचं. ओले झालेले पॅड लगेच बदला. चोखणी, बाटलीचं बूच, बोंडलं, जे जे तोंडात जातं ते रोज उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. बाळाचे लंगोट बदलतानाही नजर टाका: जांघेच्या वळ्यांत लालभडक चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके असतील तर तीच बुरशी तिथेही पोचली आहे, त्याचं मलम वेगळं लिहून घ्या. स्तनपान थांबवू नका. काढलेलं दूध या दिवसांत ताजंच वापरा, गोठवून साठवू नका, कारण गोठवल्याने बुरशी मरत नाही.

आता काकूंच्या उपायाबद्दल. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तोंडातून तो पोटात जातो, आणि लहान बाळाला त्याने उलट्या आणि आकडीसुद्धा येऊ शकते. बोरॅक्स-ग्लिसरीनलाही हेच लागू. मधात बॉटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. आधी शौचाला घट्ट होतं, मग रडणं क्षीण होतं, चोखण्याचा जोर जातो. म्हणून वर्षभर मधाचं बोटही नको. काकूंना एवढंच सांगा की डॉक्टरांनी मनाई केली आहे, वाद टळेल.

बाळ दूध घेईनासं झालं, चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, बाळ सुस्त वाटलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर मात्र उद्याची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. इतक्या लहान बाळाचा ताप थ्रशच्या खात्यात टाकायचा नसतो, त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. औषध सुरू करून आठवडा झाला तरी डाग तसेच असतील तर पुन्हा दाखवा. आणि पुढे सहा-नऊ महिन्यांनंतर, अँटिबायोटिक घेतलेलं नसतानाही हा त्रास वारंवार होऊ लागला, तर प्रतिकारशक्तीची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.