अंडवृद्धी: गोळ्या, सुई की ऑपरेशन?

«बाबा ५२ वर्षांचे, ब्रह्मपुरीकडे धानाची शेती. सहा वर्षांपासून अंडकोषाची उजवी बाजू वाढत चाललीय, आता नारळाएवढी झालीय. दुखत नाही, पण चालायला जड जातं. एका डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, चार महिन्यांत पुन्हा भरलं. रक्तात जंतू नाहीत म्हणाले. हत्तीरोगाच्या गोळ्यांनी हे बसेल का?»

गोळ्यांनी बसणार नाही. या आकाराला ऑपरेशनच लागतं. मात्र ऑपरेशन कुठलं, हे आधी नीट तपासून ठरवावं लागतं.

हत्तीरोगाचे मोठे कृमी पुरुषांमध्ये बहुतेकदा अंडकोषाला जाणाऱ्या दोरीसारख्या नाडीतल्या लसिकावाहिन्यांत, म्हणजे शरीरात झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांत, राहतात. तिथे वाहिन्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, आणि कृमी मेला की सूज येऊन मार्ग आणखी बिघडतो. अंडाभोवतीच्या पिशवीत थोडं पाणी नेहमीच झिरपत असतं. ते शोषून न्यायची वाट गेली की ते साठत जातं. बांधीचा निचरा बुजलाय आणि आपण घमेल्याने पाणी उपसतोय, तसं सुईचं आहे. त्यात सुईने आत रक्तस्राव किंवा पू झाला तर पुढचं ऑपरेशनही अवघड होतं. तेव्हा पुन्हा सुई लावू देऊ नका.

रक्ताचं म्हणाल तर आपल्याकडच्या या जंतूची पिल्लं रात्रीच बाहेरच्या रक्तात फिरतात, म्हणून हत्तीरोगवाले रात्री साधारण साडेआठनंतर घरोघरी बोटं टोचतात. दिवसा घेतलेल्या नमुन्यावर भरवसा नाही. शिवाय इतक्या जुन्या अंडवृद्धीत कृमी कधीच मेलेले असू शकतात; झालेलं नुकसान तेवढं मागे राहतं. म्हणजे तपासणीत काही निघालं नाही, तरी हत्तीरोग नव्हता असं होत नाही.

आता तपासणी. डॉक्टर बाबांना उभं करून गाठीच्या वरच्या टोकाला दोन बोटांत धरून पाहतील. वर बोटं मिळाली आणि नाडी हाताला लागली तर सूज अंडकोषातलीच. बोटं वर जातच नसतील, खोकल्यावर धक्का लागत असेल, तर हर्निया. कधी दोन्ही एकत्र असतात. मग अंधारात टॉर्च लावतात. स्वच्छ पाणी असेल तर लालसर उजेड पलीकडे दिसतो. पण जुन्या हत्तीरोगात पिशवी जाड होते किंवा पाणी दुधाळ असतं आणि उजेड दिसतच नाही. म्हणून सोनोग्राफी करायचीच. एवढ्या पाण्यात अंड हाताला लागत नाही, आणि त्यात गाठ नाही ना, हे पाहणं फार गरजेचं आहे.

घाईत तपासणारे कातडी बघत नाहीत. चिमटीत धरल्यावर कातडी मऊ आणि सुरकुतणारी असेल तर साधी अंडवृद्धी. कातडी जाड, चामड्यासारखी, बारीक फोड आणि त्यातून पाणी किंवा दुधासारखं काही झिरपत असेल तर लसिका कातडीत साठलीय. अशा वेळी नेहमीची शस्त्रक्रिया केली तर जखम महिनोन्महिने पाझरत राहते. त्याला प्लास्टिक सर्जन किंवा युरॉलॉजिस्टच हवा.

आमच्याकडे तुमच्या बाबांसारखाच एक माणूस आला होता, मासेमारी करणारा, पन्नाशीच्या आतला. टॉर्चला उजेड नाही. सोनोग्राफीत तरंगते कण असलेलं पाणी, अंड ठीक. कातडी मऊ, पण जांघेत नायटा होता. तो बरा होईपर्यंत थांबवलं, साखर तपासली. कमरेत भूल देऊन लिटरभर दुधाळ पाणी काढलं आणि जाड पिशवीचा बहुतेक भाग कापून टाकला. हत्तीरोगात पिशवी नुसती उलटून शिवण्यापेक्षा कापणं बरं, कारण ती पुन्हा भरण्याची शक्यता कमी होते. उरलेल्या कडेला रक्त थांबवणं हेच कसब. तिथे राहिलं की आत रक्त साठतं. दोन दिवस नळी ठेवली, मग घट्ट लंगोट. तीन आठवड्यांनी तो घाबरून आला, "पुन्हा भरलं." भरलं नव्हतं, ऑपरेशननंतर ती बाजू कडक आणि सुजलेली राहते, हळूहळू ओसरते. बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

गोळ्यांचा उपयोग वेगळा. रात्रीच्या रक्ततपासणीत किंवा रक्ताच्या स्ट्रिपवरच्या तपासणीत जंतू निघाले तर डीईसी ही हत्तीरोगाची गोळी बारा दिवस देतात; ५० किलोच्या माणसाला रोज ३०० मिग्रॅ. ताप येऊन भाग लाल, दुखरा झालेला असेल तेव्हा मात्र डीईसी सुरू करत नाहीत. आधी प्रतिजैविकं आणि विश्रांती. ऑपरेशनही तो झटका पूर्ण ओसरल्यावरच.

जिल्हा हिवताप कार्यालयात नाव नोंदवा. सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं आणि शिबिरंही लागतात. शिबिरात गेलात तर आधी विचारा, सोनोग्राफी होणार का आणि नंतर ड्रेसिंगला कुठे यायचं. एकदम जोराच्या कळा आल्या, उलटी झाली, तर मात्र शिबिराची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठा.