महिन्याचं एक गाणं

‘ताई, माझं लग्न ठरलंय. तो दुबईत, मी फोंड्यात. सात महिने झाले. प्रत्येक महिन्याचं एक गाणं निवडून त्याला मोठ्या हौसेनं पत्र पाठवलं. उत्तर आलं, “छान आहेत सगळी.” एवढंच. त्याला माझ्यात रस उरला नाही का?’

तुझं पत्र वाचताना मला डिचोलीचं एक जोडपं आठवलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. नवरा मालवाहू बोटीवर, इंजिनरूममध्ये. जूनमध्ये गेला तो फेब्रुवारीत यायचा होता. तिनेही असंच पत्र पाठवलं होतं आणि उत्तरही असंच आलं होतं. मी तिला ते पत्र दाखवायला सांगितलं. तिने मोबाइल पुढे केला. महिन्याचं नाव, गाण्याचं नाव, खाली लिंक. अशा आठ जोड्या, आणि शेवटी ‘तुझीच’. आठातली सहा गाणी विरहाची.

नवरा परतल्यावर दोघं माझ्याकडे एकत्र आली. तो म्हणाला, “बोटीवर नेट मोजून मिळतं, लिंक उघडतच नाही. माझी पाळी बारा ते चार, दुपारी आणि परत रात्री. खोलीत येऊन नुसती नावं वाचली. गाणी ओळखीचीच होती. वाटलं, ही आठ महिने रडतेय आणि मी इथून काहीच करू शकत नाही. मग काय लिहिणार?” म्हणून त्यानं ‘छान’ लिहिलं.

हे मी पुष्कळदा पाहिलंय. गाणं ऐकताना आपल्याला आपला प्रसंग आठवतो. समोरच्याला तो ठाऊक नसतो, त्याच्यापर्यंत नुसतं गाणं पोचतं. त्यात सगळी गाणी व्याकूळ असली की दूरच्या माणसाला ती तक्रारच वाटते.

तो पुन्हा बोटीवर जायच्या आधी मी तिला त्या यादीतला एकच महिना घ्यायला सांगितलं, गणपतीच्या चवथीचा. तिने तिथेही विरहगीतच घातलं होतं. मी विचारलं, “त्या महिन्यात घरात खरोखर कुठलं गाणं वाजलं?” ती म्हणाली, “आरती.” “तेव्हा तू कुठे होतीस?” मग ती बोलायला लागली. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली सगळे जमले होते. घुमट दरवर्षी हाच वाजवतो, यंदा पुतण्याच्या हातात दिलं. पावसाळी हवेनं चामडं सैल पडलेलं, चुलीपाशी धरून तापवलं, तरी दुसऱ्या आरतीला ताल सुटलाच. सासऱ्यांनी सवयीनं त्याच्या नेहमीच्या जागेकडे बघितलं.

मी म्हटलं, “हे लिही.” नवरा शेजारीच बसला होता. त्यानं लगेच विचारलं, “कुठलं घुमट दिलं त्याला? मोठं?” आठ महिन्यांत त्यानं तिला विचारलेला तो पहिला प्रश्न, असं तिनेच नंतर सांगितलं.

दुसऱ्या खेपेला पत्र वेगळं झालं. आधी महिन्यातला प्रसंग, मग त्याला चिकटलेलं गाणं. खाली चार-पाच ओळी: कुठे होते, कोण होतं, काय झालं. शेवटी त्याला एका ओळीत देता येईल असं उत्तर मागणारा साधा प्रश्न. जुनी गाणी त्यानं जातानाच मोबाइलमध्ये भरून नेली होती. घरातली आरती किंवा पौषातल्या बायकांच्या धालो नाचाची गाणी मात्र ती तिथेच अर्ध्या मिनिटाची रेकॉर्ड करून पाठवायची. लिंक नाही. आणि एक महिना तिने कोरा ठेवला, त्याच्या गाण्यासाठी.

एक गोष्ट मात्र मी तिला पत्रातून काढायला लावली. पहिल्या यादीतलं जुलैचं गाणं सासूशी झालेल्या भांडणाचं होतं. तिला वाटलं होतं, शब्दांवरून तो ओळखेल. तो कसा ओळखणार? पैसा, संशय, घरातली भांडणं ही गाण्याआडून सांगायची नाहीत. त्यासाठी बोट बंदराला लागली की फोनवर सरळ बोलायचं, असं दोघांनी ठरवलं.

तुझं पत्र चुकलं, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या ‘छान’वरून रस उरला नाही असा निष्कर्षही काढू नकोस. सातातला एकच महिना उचल, ज्यात काहीतरी घडलं होतं तो. प्रसंगासकट पुन्हा लिही, त्याला एक प्रश्न विचार, आणि दुबईत त्याच्या कानावर रोज पडणारं एक गाणं मागून घे. प्रसंग कळूनही तो काहीच विचारत नसेल, फोनवरही तुझ्या दिवसाची चौकशी करत नसेल, तर गाणी बाजूला ठेवून लग्नाआधी त्याच्याशी समोरासमोर बोल. मग हवं तर दोघं माझ्याकडे या.

डिचोलीच्या त्या कोऱ्या महिन्यात तीन ओळी आल्या. बोटीवरचा फिलिपिनो स्वयंपाकी दर शनिवारी कराओकेवर एकच गाणं म्हणतो. शब्द कळत नाहीत. पण तो डोळे मिटून गातो तेव्हा आपल्या ओसरीवरचा दिवा दिसतो.