'हॉलमार्क'मधला हॉल कुठला?

"हॉलमार्कचे दागिने म्हणतो, त्यातला 'हॉल' म्हणजे काय? आणि मराठीत त्याला 'कस' म्हटलं तर चालेल का?"

हा हॉल लंडनचा. सोनारांच्या गिल्डचं, म्हणजे संघाचं घर, गोल्डस्मिथ्स हॉल. शहरात तो आजही आहे.

१३०० साली राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला, की चांदीची वस्तू नाण्याच्या चांदीपेक्षा हलकी नसावी. हजार भागांत ९२५ भाग चांदी, उरलेलं तांबं. गिल्डचे पंच दुकानोदुकानी फिरून वस्तू तपासायचे आणि पास झालेल्या वस्तूवर बिबट्याच्या तोंडाची छाप मारायचे. १३६३ पासून प्रत्येक उस्तादाला स्वतःची वेगळी खूणही सक्तीची झाली. ही खूण उस्तादाचीच असे. उमेदवारी करणारा पोरगा करारानं किमान सात वर्षं त्याच्याकडे राबे, आणि त्याने घडवलेला पेला उस्तादाच्या खुणेखालीच विकला जाई. पोराने डाग देताना हलका धातू वापरला तरी जबाब उस्तादाला द्यावा लागे. त्यामुळे शिकवण्यात हयगय परवडत नसे.

पण पंचांनीच डोळेझाक केली तर? १४७७ मध्ये त्याबद्दल गिल्डलाच जबाबदार धरलं गेलं. मग १४७८ पासून वस्तू हॉलमध्ये आणून तपासायची पद्धत आली आणि दरवर्षी बदलणारं एक अक्षर छापेत वाढलं. अक्षरावरून साल कळे आणि सालावरून तपासनीस कोण होता तेही. हॉलमध्ये मारलेली छाप, म्हणून हॉलमार्क.

तपासणी अशी: वस्तूचा बारीक कीस काढून तोलायचा, शिशात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसं तांब्याला घेऊन राखेत मुरतं आणि वाटीत चांदीचा मणी उरतो. मण्याचं वजन जितकं घटलं, तितकी भेसळ.

भाव मात्र पूर्णपणे गिल्डच्या हातात नव्हता. १४२३ च्या कायद्याने चांदीचा दर ट्रॉय पौंडाला ३० शिलिंग बांधला, घडणावळ वगळून. आपल्याकडच्या सराफाच्या पावतीतही धातूचा दर आणि मजुरी वेगळीच असते.

आता मराठीबद्दल. 'कस' हा धातूचा गुण, कसोटीच्या दगडावर उमटलेल्या रेघेवरून पारखलेला, 'बावनकशी' त्यातलंच. सराफ शुद्धता काढतात तिला 'टंच' म्हणतात. हॉलमार्क ही तपासणीनंतरची छाप, म्हणून त्याला 'कस' म्हणणं मला पटत नाही. 'या बांगडीचा टंच ९१६ आहे आणि तिच्यावर हॉलमार्कची छाप आहे' असं म्हणावं. नुसतं 'हॉलमार्क सोनं' खटकतं. तुम्ही लिहिलेलं 'हॉलमार्कचे दागिने' बरोबर आहे.