आजी, ऑफसाइड असा ओळखायचा

"गोल झाला ना रे? मग झेंडा कशाला वर केला?"

"ऑफसाइड, आजी."

"काहीतरीच! पोरगा जोरात पळाला, हा त्याचा गुन्हा?"

"पळाला म्हणून नाही, आधीच पुढे होता. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो तो क्षण पकडायचा. तेव्हा समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू कुठे आहे ते बघायचं, गोलकीपरही मोजायचा. हा नऊ नंबरवाला त्याच्याही पुढे होता आणि चेंडूच्याही."

"बरोबरीत असता तर?"

"तर गोल. हात मोजत नाहीत. डोकं, धड, पाय मोजतात. रिप्लेत बघ, गुडघा पुढे आहे."

"गुडघ्यापायी एवढं! मघाशी तो गोलपाशी एकटाच उभा होता, तेव्हा कुणी काही बोललं नाही."

"नुसतं उभं राहिलेलं चालतं. चेंडू खेळला किंवा कीपरची नजर अडवली, की शिट्टी. तू चेंडूमागे बघत राहतेस, म्हणून चुकतं. पास निघायच्या आधीच बचावाची रांग बघून ठेव."

"बघितली. आता तर हा सगळ्यांच्या पुढे आहे! झेंडा कुठाय?"

"थ्रो-इन आहे गं. थ्रो-इन, कॉर्नर किंवा गोलकिकवरून थेट चेंडू आला तर ऑफसाइड नसतो."

"सोयीसोयीचे नियम मेले!"