जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षर कसं तपासायचं

रावपुऱ्यातल्या दुकानाची बिलं भरताना पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक नुसता लांबीवर तपासू नका. पंधरावं अक्षर आधीच्या चौदांवरून निघतं, तेच काढून ताडून बघा.

0 ते 9 ची किंमत तीच, A म्हणजे 10, Z म्हणजे 35. डावीकडून एकाआड एक 1 आणि 2 ने गुणा. प्रत्येक गुणाकाराला 36 ने भागून भागाकार आणि बाकी दोन्ही बेरजेत घ्या. नमुन्यादाखल बनवलेला `24AAAAA0000A1Z` घेऊ (24 म्हणजे गुजरात). बेरीज अशी: 2+8, मग पाच A चे 10+20+10+20+10, शून्यांचं काही नाही, पुढे 20, 1 आणि Z चे 35. एकूण 136.

```
c = (36 - 136 % 36) % 36
```

उत्तर 8, म्हणजे शेवटी `8` हवं.

नवशिके अडकतात ते त्या Z पाशी. 35×2=70; भागाकार 1, बाकी 34, म्हणून 35. सरळ 70 मिळवलेत तर उत्तर 9 येईल. चौदावं अक्षर बहुधा Z च असतं, त्यामुळे खरे क्रमांकही चुकीचे ठरतील. कंसाबाहेरचा `% 36` ही गाळू नका. बाकी 0 आली की 36 उरतो आणि त्याला अक्षरच नाही.

O च्या जागी 0 पडलं तर हे पकडतं. शेजारची दोन अक्षरं उलटली तरी पकडतं, अपवाद फक्त 0 आणि Z च्या जोडीचा. पण तिसरं आणि पाचवं आपसांत बदललं तर कळत नाही, कारण दोन्हींचा गुणक 1 च. आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते पोर्टलवरच बघावं लागतं.