लोड कमी, तरी जनरेटर डिझेल पितो आणि धूर ओकतो

प्रश्न: आमच्या सोसायटीत १२५ केव्हीएचा जनरेटर आहे. लाईट गेली की त्यावर फक्त एक लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे चालतात. तरी डिझेल भरपूर जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल ठिबकतं. मेकॅनिक म्हणतो, "लोड वाढवा." लोड कमी म्हणजे इंजिनाला आरामच ना?

उत्तर:

तुमचा मेकॅनिक बरोबर सांगतोय. जनरेटर दुरुस्तीच्या धंद्यात मला वीस वर्षं होत आली, आणि जास्त लोडने मेलेल्या सेटपेक्षा कमी लोडने कुजलेले सेटच मी जास्त उघडलेत.

आधी डिझेलचं बघू. जनरेटरचं इंजिन गाडीच्या इंजिनासारखं हळू-जोरात फिरत नाही. ५० हर्ट्झची वीज हवी तर ते मिनिटाला १५०० फेरेच फिरणार, मग त्यावर सगळी इमारत असो की जिन्यातले चार दिवे. पिस्टन तेवढेच घासतात, रेडिएटरचा पंखा, पाण्याचा पंप, ऑइल पंप तितकेच ओढतात. १२५ केव्हीएच्या सेटमध्ये एक युनिटही न देता तासाला साधारण ४ लिटर डिझेल यातच जातं. त्यापुढे दर किलोवॉटला पाव लिटरच्या आतबाहेर धरा. म्हणजे ८ किलोवॉट लोडला तासाला जवळपास ६ लिटर. ७५ किलोवॉटला २१ लिटर. आता युनिटचा हिशोब करा. पहिल्या वेळी एका लिटरमधून सव्वा ते दीड युनिट निघतं, दुसऱ्या वेळी साडेतीन. डिझेल ९० रुपये धरलं तर तुमचं एक युनिट साठ-सत्तर रुपयांना पडतंय.

तुमचा लोड खरोखर किती आहे ते अंदाजाने ठरवू नका. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर बघा, लिफ्ट चालू असताना आणि बंद असतानाही. सरासरी १४ अँपिअर आले तर १.७३ × ४१५ × १४ × ०.८, म्हणजे सुमारे ८ किलोवॉट. १२५ केव्हीएचा सेट १०० किलोवॉटचा, त्यामुळे तो ८ टक्क्यांवर चाललाय. बहुतेक कंपन्या ३० टक्क्यांच्या खाली सेट फार वेळ चालवू नका म्हणतात.

आता धूर. पेट्रोलच्या इंजिनात लोड कमी झाला की हवाही कमी केली जाते. डिझेलमध्ये तसं नाही. हवा दर फेऱ्याला पूर्ण भरते, कमी होतं ते फक्त डिझेल. एवढ्या हवेत चिमूटभर डिझेल जळल्यावर सिलिंडर तापणार कुठून? आणि डिझेल पेटवायला ठिणगी नसते, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटतं. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, आणि पिस्टनचा माथा थंड असला की नॉझलने मारलेल्या फवाऱ्यातले काही थेंब भिंतीला चिकटतात, अर्धवट जळतात किंवा न जळताच बाहेर पडतात. ओली लाकडं घातलेली चूल धुमसते तसंच. पांढरा धूर म्हणजे हेच न जळलेलं डिझेल, त्याचा वासही डोळ्यांत चुरचुरतो. थंडीत सुरू करताना दोन-चार मिनिटं असा धूर कुठल्याही सेटला येतो, त्याची काळजी नको. अर्ध्या तासानेही तो तसाच असेल तर काळजी करा.

पूर्ण लोडवर सायलेन्सरकडे जाणारा वायू साडेचारशे-पाचशे अंशांचा असतो. तुमच्यासारख्या लोडवर तो बऱ्याचदा दोनशेच्याही खाली राहतो. त्या गारव्यात डिझेल, काजळी आणि पिस्टनच्या रिंगांवरून वर आलेलं ऑइल पाइपात चिकटून साचतं, आणि जोडातून काळा चिकट रस ठिबकायला लागतो. इंग्रजी मॅन्युअलमध्ये याला वेट स्टॅकिंग म्हणतात, म्हणजे धुराच्या पाइपात ओल साचणं. बरेच जण सायलेन्सरचं गॅस्केट बदलून मोकळे होतात. गॅस्केट बिचारं निर्दोष असतं.

इंजिनाचं नुकसान कुठे होतं ते एका कामावरून सांगतो. निफाड तालुक्यात द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजचं काम माझ्याकडे आलं. तिथेही १२५चाच सेट. जानेवारी ते एप्रिल कॉम्प्रेसर चालतात, तेव्हा सेट साठ-सत्तर किलोवॉट ओढतो. एप्रिलनंतर सगळं बंद. मग ऑफिस, वॉचमनची खोली, बोअरचा पंप, एवढंच. आठ महिने तोच सेट ६ ते ८ किलोवॉटवर, त्यात वॉचमनला मालकाने सांगितलेलं, "दर रविवारी वीस मिनिटं नुसता चालवून ठेव." त्याला वाटायचं सेट तयार राहतोय. बिनलोडची ही वीस मिनिटं सेटला सगळ्यात वाईट. ऑइल नीट तापत नाही, आणि ओल तेवढी वाढते.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत कॉम्प्रेसर एकदम टाकले आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट उठला. आठ महिने साचलेला चिकटा जळायला लागला होता. मालकाने घाबरून मला फोन केला. मी गेल्यावर पहिली डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या वर होतं, आणि कोणी टॉप-अप केलं नव्हतं. बोटावर घेतलं तर पातळ, डिझेलचा वास. म्हणजे लायनरवरून न जळलेलं डिझेल खाली ऑइलच्या टाकीत, सम्पमध्ये उतरत होतं. पातळी वाढली म्हणून लोक खूश होतात, "ऑइल पीत नाही" म्हणतात. पण पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही.

आता रिंगांचं. पिस्टनच्या रिंगेला स्वतःचा ताण थोडाच असतो. तिला लायनरवर घट्ट दाबतो तो ज्वलनाचा वायू, तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. लोड कमी, तर दाब कमी, रिंग ढिली. मग वायू खाली निसटतो, ऑइल वर चढतं, आणि थंड भिंतीवर त्या ऑइलचा तपकिरी थर भाजून बसतो. नव्या लायनरला आडव्या-तिरप्या बारीक रेघा मारलेल्या असतात, ऑइल धरून ठेवायला. त्या रेघा या थराखाली बुजतात आणि लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो. रिंगांच्या खाचेत कार्बन भरून रिंगा चिकटतात. नॉझलच्या टोकावरही कार्बन जमतो, फवाऱ्याऐवजी धार पडायला लागते, म्हणजे जळणं आणखी बिघडतं. इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचंही तेच. लोड नसला की तो हवेचा दाब देत नाही, दाब नसल्यावर त्याच्या सीलमागचं ऑइल आत ओढलं जातं.

इथे एक गोष्ट तपासायची असते. नुसती ओल आहे की लायनर गेला? कारण ओल लोडने जाते, लायनर लोडने बरा होत नाही. मी भाड्याने लोड बँक आणली. लोड बँक म्हणजे पंखा लावलेले मोठे हीटर, वीज घेऊन फक्त उष्णता करतात. आधी ऑइल आणि फिल्टर बदलला. मग अर्धा तास ३० किलोवॉट, अर्धा तास ५० आणि पुढे दीड तास ७५. एकदम पूर्ण लोड कधीच टाकू नये, साचलेला चिकटा पाइपात पेटू शकतो. सायलेन्सरजवळची पोती, डबे आम्ही आधीच हलवून घेतले होते. पहिली वीस-पंचवीस मिनिटं इतका दाट काळपट धूर निघाला की शेजारच्या मळ्यातला माणूस बघायला आला. मग तो विरळ होत गेला, जोडाचं ठिबकणं थांबलं, पाइप कोरडा झाला.

पण ७५ किलोवॉटवरही धुरात निळसर झाक राहिली, आणि ऑइल भरायच्या झाकणातून धाप टाकल्यासारखा वायू येत होता. पुढचे काही आठवडे मालकाने नोंद ठेवली. दर पंधरा-वीस तासांना लिटरभर ऑइल कमी होत होतं. म्हणजे लायनर गेलेला. हेड उतरवलं तेव्हा चार लायनर चकचकीत, एका ठिकाणी रेघ नावालाही नाही. होनिंग म्हणजे लायनरवर पुन्हा रेघा मारणं, नव्या रिंगा, नॉझल. बिल मोठं झालं, मालक चार दिवस बोलला नाही माझ्याशी.

तुम्ही आधी डिपस्टिक आणि ऑइलचा वास बघा. पातळी वाढली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय लोडवर घेऊ नका. मग तुमच्या मेकॅनिकला लोड बँकेने दोन-अडीच तास टप्प्याटप्प्याने चालवून घ्यायला सांगा. सेट गरम असताना निळा धूर उरला नाही आणि ठिबकणं थांबलं, तर तुमचं इंजिन वाचलंय. लोड बँक परवडत नाही म्हणून मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्रे सोडून लोड करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला गेटवरूनच परत पाठवा. सोसायटीत मुलं असतात.

अमेरिकेतलं आणीबाणीच्या जनरेटरांचं एनएफपीए ११० हे मानक महिन्यातून एकदा अर्धा तास किमान ३० टक्के लोडवर सेट चालवायला सांगतं. तुमच्याकडे तेवढा लोडच नाही, तर अशांसाठी वर्षातून एकदा लोड बँकेवर दीड तासाची चाचणी आहे, अर्धा तास ५० टक्क्यांवर आणि तास ७५ वर. मी गिऱ्हाइकांना तीच सांगतो. आणि रविवारची बिनलोडची फेरी बंद.

बाकी खरा घोळ सेटच्या मापाचा आहे. बहुधा बिल्डरने घरटी थोडं बॅकअप धरून १२५ बसवला आणि मग लोकांनी घरात इन्व्हर्टर घेतले. ८ किलोवॉटला लहान सेट पुरतो, फक्त लिफ्टची मोटर सुरू होताना किती ओढते ते विचारून घ्या. साध्या स्टार्टरवर ती सुरू होताना सहा-सात पट करंट घेते, इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर खूपच कमी. पंप लिफ्टबरोबर एकाच वेळी सुरू होऊ देऊ नका, एवढ्यानेही माप एक पायरी खाली येतं. नवा सेट घ्याल तर ५६ किलोवॉटच्या वरच्या, जुलै २०२३ पासूनच्या नव्या उत्सर्जन नियमांतल्या सेटना धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा असते. थंड धुरात ती नीट चालत नाही, म्हणून गरजेपेक्षा मोठा नवा सेट जुन्यापेक्षाही लवकर रडवतो.

कोल्ड स्टोरेजच्या मालकाने पुढच्या मे महिन्यात २५ केव्हीएचा एक जुना सेट घेतला आणि लोड एका सेटवरून दुसऱ्यावर फिरवणारा चेंजओव्हर लावला. त्याच ८ किलोवॉटला तो तासाला ३ लिटरच्या आसपास घेतो. मोठा सेट आता एप्रिलमध्ये ऑइल बदलून बंद होतो आणि डिसेंबरात लोड बँकेवर धुऊन निघतो.